चेंडू कॅमेऱ्याने हरवला की फाइलने? कीफ्रेम, प्रेडिक्टेड फ्रेम आणि पुसट गती

समजा, तुम्हाला एका वेगवान गोलंदाजाच्या चेंडूचा वेग व्हिडिओवरून काढायचा आहे. शूटिंग बाजूने केलंय, फ्रेमच्या रुंदीत साधारण २० मीटर, म्हणजे जवळपास अख्खी खेळपट्टी बसलीय. क्लिप मात्र कुणीतरी मोबाइलवरून फॉरवर्ड केलेली. तुम्ही एकेक फ्रेम थांबवून बघता, तर चेंडूच्या जागी मळकट डाग. पुढच्या फ्रेममध्ये तोही नाही. पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. पण कित्येकदा कॅमेऱ्याने चेंडू व्यवस्थित टिपलेला असतो आणि तो जातो नंतर, फाइल लहान करताना. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत. कारण कॅमेऱ्यामुळे आलेल्या पुसटपणातून वेग काढता येतो, फाइलमुळे आलेल्यातून नाही.

आधी फाइल किती लहान करावी लागते ते बघू. १९२० × १०८० ची एक फ्रेम म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. डोळ्याला रंगाचे बारकावे कमी कळतात, म्हणून रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्याच रिझोल्यूशनला साठवतात. तरीही पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट लागतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हे सेकंदाला साधारण ६२ कोटी बिट होतात. फॉरवर्ड केलेल्या क्लिपचा बिटरेट सेकंदाला १० लाख बिट आहे असं धरा. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ४०,००० बिट. एच.२६४ हा कोडेक फ्रेमचे १६ × १६ पिक्सेलचे ब्लॉक पाडतो. आपल्या फ्रेममध्ये असे ८,१६० ब्लॉक होतात. भागाकार केलात तर एका ब्लॉकला पाच बिटसुद्धा धड येत नाहीत. २५६ पिक्सेल, पाच बिट!

हे जमतं, कारण बहुतेक ब्लॉकमध्ये काही घडतच नाही. अधूनमधून एक कीफ्रेम (आय-फ्रेम) साठवली जाते. ती फोटोसारखी स्वयंपूर्ण असते, दुसऱ्या कुठल्या फ्रेमवर अवलंबून नसते आणि म्हणून महाग असते. मधल्या प्रेडिक्टेड फ्रेममध्ये (पी-फ्रेम) चित्र नसतं, कृती असते: ‘या ब्लॉकसाठी मागच्या फ्रेममधला अमुक जागेवरचा तुकडा उचल, आणि जो फरक उरेल तो वरून मिळव.’ तुकडा किती सरकवायचा ते सांगणारा आकडा म्हणजे मोशन व्हेक्टर. गवत, साइटस्क्रीन, उभे क्षेत्ररक्षक यांच्यासाठी तर ‘काही बदल नाही’ एवढंच लिहिलं की भागतं. याला स्किप म्हणतात आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. बी-फ्रेम मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेममधून उचलू शकतात. बाकी तत्त्व तेच.

आता चेंडूकडे या. वेग ताशी १४० किलोमीटर धरला तर सेकंदाला सुमारे ३९ मीटर, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये चेंडू दीड मीटरहून जास्त पुढे जातो. आपल्या फ्रेममध्ये एक मीटर म्हणजे ९६ पिक्सेल. म्हणजे जेमतेम ७ पिक्सेलचा चेंडू एका उडीत साधारण १५० पिक्सेल सरकतो. एन्कोडर इतक्या लांब शोधायला जात नाही. एक्स२६४ या लोकप्रिय एन्कोडरचं मूळ सेटिंग अंदाजाच्या जागेभोवती १६ पिक्सेल शोधायचं आहे आणि तो अंदाज येतो शेजारच्या ब्लॉकवरून. शेजारी सगळं स्थिर, म्हणून अंदाज शून्य. चेंडू सापडत नाही.

तो लांब शोधत गेला तरी फारसं बिघडलेलं सुधारत नाही. ब्लॉकमधल्या २५६ पिक्सेलपैकी चेंडूचे असतात चाळीसेक, बाकी गवत. एन्कोडरच्या हिशोबात एका पारड्यात चित्रातली चूक असते, दुसऱ्यात बिटचा खर्च. बिटरेट जितका कमी, तितकं खर्चाचं पारडं जड. अशा वेळी ‘गवत तर जुळतंय, सोडून दे’ हाच निर्णय स्वस्त पडतो.

मग उरलेला फरक तरी पाठवता येतो की? येतो, पण तो क्वांटायझेशनमधून जातो आणि खरी तोडफोड तिथे होते. फरकाचं रूपांतर ढोबळ ते बारीक अशा घटकांमध्ये करतात. मग प्रत्येक घटकाला एका पायरीने भागून जवळच्या पूर्णांकावर आणतात. एच.२६४ मध्ये ही पायरी ठरवणारा आकडा ० ते ५१ असतो आणि दर ६ ला पायरी दुप्पट होते. २८ ला पायरी १६, तर ४० ला ६४. म्हणजे ४० वर ३२ पेक्षा लहान घटक थेट शून्य. बारीक घटक सहसा लहानच असतात, म्हणून कडा आणि पोत आधी जातात आणि टिकलाच तर एखादा ढोबळ डाग. लाल चेंडू मातकट खेळपट्टीसमोर असेल तर उजेडातला फरकच कमी असतो, आणि रंग आधीच निम्म्या रिझोल्यूशनला. तो पूर्ण नाहीसाही होऊ शकतो.

पुढची गंमत अशी, की चेंडू निघून गेल्यावर तिथे पुन्हा गवत आणायचं, तर त्यालाही फरक पाठवावा लागतो. तोही शून्यावर आला तर डाग तिथेच राहतो. पुढची फ्रेम अंदाज बांधते तो मूळ चित्रावरून नाही, तर डिकोड झालेल्या बिघडलेल्या चित्रावरून. त्यामुळे डाग उचलला जातो तो डागासकट. एच.२६४ मध्ये ब्लॉकच्या कडा गुळगुळीत करणारा फिल्टर याच साखळीत बसलेला असतो, म्हणून जुन्या व्हीसीडीवर दिसायचे तसे चौकोन न दिसता सगळं फासल्यासारखं दिसतं. ही साखळी तुटते पुढच्या कीफ्रेमला. एक्स२६४ च्या मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर असू शकतं, म्हणजे आपल्या क्लिपमध्ये दहा सेकंद.

आता ओळखायचं कसं? कॅमेऱ्याचा पुसटपणा शटरवर ठरतो. शटर १/५० सेकंद असेल तर तेवढ्या वेळात चेंडू ७८ सेंटिमीटर जातो आणि ७५ पिक्सेलची सरळ रेघ उमटते, गतीच्या दिशेने. रेघेची लांबी आणि शटर माहीत असेल तर वेग निघतो. शटर १/१००० असेल तर रेघ चारच पिक्सेलची. म्हणजे शटर १/१००० असूनही चेंडू फासलेला दिसत असेल तर दोष फाइलचा. कॉम्प्रेशनचा डाग दिशा पाळत नाही, १६ च्या जाळीला धरून असतो, चेंडू गेल्यावरही मागे रेंगाळतो आणि कीफ्रेमला अचानक पुसला जातो. कीफ्रेम कुठे आहेत ते असं बघा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pict_type,pkt_size -of csv=p=0 clip.mp4
```

प्रत्येक ओळीत त्या फ्रेमचा आकार बाइटमध्ये आणि प्रकार (`I`, `P`, `B`) येतो. `I` च्या लगेच आधीची आणि ती स्वतः, अशा दोन फ्रेम शेजारी ठेवा. एकाच जागचं गवत अचानक स्वच्छ झालं, तर त्याआधीच्या फ्रेमवर तुम्ही केलेली मोजमापं संशयास्पद आहेत. कीफ्रेमही स्वच्छ असेलच असं नाही, कमी बिटरेटला तीही मऊ पडते. पण दोन्हींतला फरक खोटं बोलत नाही.

फाइलमधले मोशन व्हेक्टर काढून तोच वेग समजण्याचा मोह काही जणांना होतो. तो व्हेक्टर ‘वस्तू कुठे गेली’ हे सांगत नाही, ‘स्वस्तात जुळणारा तुकडा कुठे मिळाला’ हे सांगतो. आणि हीच क्लिप जास्त बिटरेटला पुन्हा सेव्ह केलीत तर डाग तेवढा जास्त निगुतीने जपला जाईल. शून्य झालेले घटक परत येत नाहीत. ज्याने शूट केलं त्याच्याकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा, आणि सोबत शटर किती ठेवलं होतं तेही विचारून घ्या.