अट गळाली तेव्हा

फिशर-प्राइसचा 'रॉक अँड प्ले' म्हणजे तान्ह्या बाळांसाठीचा तिरका पाळणा. ५ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत सूचना निघाली : बाळ तीन महिन्यांचं झालं किंवा पालथं पडू लागलं की वापर थांबवा. पण बाळ पहिल्यांदा पालथं पडणार कधी, हे आईबापांनी आधी कसं ओळखायचं? ते त्याच पाळण्यात, मध्यरात्रीही घडू शकतं. १२ एप्रिलच्या सूचनेत अट उरली नाही : सुमारे ४७ लाख पाळणे, सगळी मॉडेलं, वापर ताबडतोब बंद, भरपाईसाठी कंपनीशी संपर्क साधा. मी असतो तर आणखी दोन वाक्यं घातली असती : पाळणा माळ्यावर ठेवू नका, कुणाला देऊही नका. आज रात्री बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवा.