सेकंडहँड गेमिंग पीसी: आधी तापू द्या, मग पैसे द्या

समजा, जाहिरात अशी आहे: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ‘वर्षभर फक्त शनिवार-रविवार वापरलेला’, किंमत ४२ हजार. विकणारा अनोळखी, आणि टोकन म्हणून दोन हजार आधी पाठवा म्हणतो. टोकन देऊ नका. मशीन त्याच्याच घरी, त्याच्याच प्लगवर चालताना पाहायचं, आणि तुम्ही पोहोचेपर्यंत ते बंदच ठेवा असं फोनवर सांगायचं. काही मशीन गार असताना सुरूच होत नाहीत, दोन-तीनदा बटण दाबल्यावर कुठे जागी होतात. गेल्यावर कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर हात ठेवा. ती कोमट लागली तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ती चालवून ठेवली आहे.

बहुतेक पैसा ग्राफिक्स कार्डात अडकलेला असतो, म्हणून वेळही तिथेच घालवावा. पेनड्राइव्हवर GPU-Z नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घेऊन जा. ‘३०६०’ या एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात. मूळ ३०६० ला १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस आहे. नंतर आलेल्या ८ जीबीच्या कार्डाची बस १२८ बिटच आहे आणि गेममध्ये ते चांगलंच मागे पडतं. लॅपटॉपची चिप डेस्कटॉपच्या कार्डावर बसवलेले नमुनेही फिरतात, त्यांत मेमरी ६ जीबी दिसते. आपल्या उदाहरणात GPU-Z ने ८ जीबी आणि १२८ बिट दाखवलं, असं धरू. विकणाऱ्याला कदाचित हा फरक खरंच माहीत नसेल. पण भाव १२ जीबीच्या हिशेबाने लावलाय, तो उतरायलाच हवा.

मग FurMark लावून कार्डाला पंधरा मिनिटं पूर्ण ताण द्या आणि बाजूला HWiNFO उघडा ठेवा. कार्डाचं तापमान सत्तरीत राहिलं तर ठीक. बघायची खरी गोष्ट म्हणजे ‘हॉट स्पॉट’चा आकडा. तो मुख्य तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणं नेहमीचं. तफावत पंचवीसच्या वर गेली तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. पेस्ट बदलता येते, हे किंमत ठरवताना बोला. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटल्या तर मात्र बोलणी तिथेच थांबवा. तो मेमरीचा किंवा चिपचा आजार आहे आणि घरगुती उपायांनी जात नाही. मुंबई-कोकणातलं मशीन असेल तर कार्डाच्या पट्टीवरचे स्क्रूही बघा. खाऱ्या हवेचा गंज आधी तिथे दिसतो.

एसएसडीला बोलतं करणं सोपं. CrystalDiskInfo मध्ये Power On Hours हा आकडा असतो. तिथे १४,००० तास दिसले तर ‘शनिवार-रविवार’ची कहाणी संपली, कारण रात्रंदिवस चालवलं तरी वर्षाचे तास ८,७६० च होतात. रॅमची पक्की तपासणी काही तास घेते. दुसऱ्याच्या घरी ती जमत नाही, तेवढी जोखीम उरतेच. पॉवर सप्लायचंही तसंच, पण कार्ड आणि प्रोसेसर या दोघांवर एकदम ताण टाकल्यावर मशीन अचानक बंद पडलं तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

आता लायसन्स. ‘विंडोज ओरिजिनल आहे’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाइप करा:

```
slmgr /dli
slmgr /xpr
```

पहिल्या खिडकीत VOLUME_KMSCLIENT दिसलं आणि दुसरीत संपण्याची तारीख आली, तर ते कंपन्या-संस्थांसाठीचं १८० दिवसांचं ॲक्टिव्हेशन आहे. घरगुती मशीनवर ते बहुतेक क्रॅकनेच आलेलं असतं. अशा क्रॅकसाठी अँटिव्हायरसला काही फोल्डर ‘तपासू नकोस’ म्हणून सांगून ठेवलेले असतात. विंडोज सिक्युरिटीतल्या Exclusions मध्ये ते सापडतात. RETAIL दिसलं तर लायसन्स दुसऱ्याला देता येतं. OEM असेल तर ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड तोच आहे तोवर चालेल, बोर्ड बदलला की गेलं. पडद्यावर ‘permanently activated’ आलं तरी तो कायदेशीरपणाचा पुरावा नव्हे, कारण काही क्रॅकही तेच दाखवतात. म्हणून खरेदीची पावती मागावी. ती नसेल तर किमतीत विंडोज धरूच नये. आणि ‘सोबत दोनशे गेम फुकट’ म्हणणाऱ्याचं स्टीम खातं घेऊ नका. ते दुसऱ्याला विकायला स्टीमच्या नियमांत परवानगीच नाही.

सौदा ठरला की विकणाऱ्याला स्वतःच्या खात्यातून साइन आउट करायला लावा आणि बायोसला पासवर्ड नाही ना, ते रीस्टार्ट करून बघा. कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा, कारण वॉरंटी उरली असेल तर ती त्या नंबरावर असते. मग साध्या कागदावर दोघांची नावं, तारीख, सिरियल नंबर आणि रक्कम लिहून सह्या करा, आणि त्यानंतरच यूपीआयचा पिन टाका.