इटलीच्या ग्राहकाचा फोन हुकला तर? इटालियन व्हॉइसमेल आणि फोनवरच्या उत्तराचा मसुदा असा तयार करा

कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात वाजलेत. ऑफिसला कुलूप लागलंय आणि टेबलावरचा फोन वाजतोय. मिलानमध्ये तेव्हा दुपारचे चार वाजले आहेत. खरेदीदाराचं ऑफिस सुरू आहे आणि त्याला माल कधी निघणार, एवढंच विचारायचं आहे. त्याला नुसती रिंग ऐकू येते किंवा इंग्रजीतला घाईघाईचा संदेश. तो फोन ठेवतो.

चामड्याच्या वस्तू, हळद किंवा मशीनचे सुटे भाग इटलीला पाठवणाऱ्या छोट्या निर्यातदाराकडे इटालियन बोलणारा माणूस सहसा नसतो. तरीही अर्ध्या मिनिटाचा रेकॉर्ड केलेला संदेश आणि टेबलावर चिकटवलेली चार-पाच वाक्यं यावर बरंच काम भागतं. फक्त ती नीट लिहायला हवीत.

फोन नेमका ऑफिस बंद झाल्यावरच का येतो?

उन्हाळ्यात भारत इटलीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार तास. इटलीत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, आपल्याकडे बदलत नाही. तिथलं ऑफिस नऊ ते सहा चालतं असं धरलं, तर हिवाळ्यात ती वेळ आपल्याकडे दुपारी दीड ते रात्री साडेदहा होते. आपलं ऑफिस सहाला बंद झालं, तर तिथल्या कामाच्या दिवसाचा अर्धा भाग व्हॉइसमेलवरच जातो.

त्यामुळे संदेशात वेळ सांगायची असेल तर ती इटलीच्या घड्याळानुसार सांगावी आणि पुढे 'ऑरा इतालियाना' म्हणजे 'इटलीची वेळ' हे शब्द जोडावेत.

संदेशात काय असावं?

नमुना असा. चौकटी कंसात कंपनीचं नाव टाकायचं:

'बुऑनजोर्नो. अवेते कियामातो [कंपनी], कोल्हापूर, इंदिया. इन क्वेस्तो मोमेंतो नॉन पोस्सियामो रिस्पोंदेरे. दोपो इल सेन्याले अकूस्तिको, लाश्याते इल वॉस्त्रो नोमे, इल नूमेरो दि तेलेफोनो ए इल नूमेरो दॉर्दिने. वि रिस्पोंदेरेमो एंत्रो इल प्रॉस्सिमो जॉर्नो लावोरातीवो, वीया ईमेल इन इतालियानो ऑप्पूरे अल तेलेफोनो इन इंग्लेझे. ग्रात्सिए.'

अर्थ असा: 'नमस्कार. आपण कोल्हापूर, भारत येथील अमुक कंपनीला फोन केला आहे. सध्या आम्ही उत्तर देऊ शकत नाही. बीपनंतर आपलं नाव, फोन नंबर आणि ऑर्डर नंबर सांगा. पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आम्ही इटालियनमध्ये ईमेलने किंवा इंग्रजीत फोनवर उत्तर देऊ. धन्यवाद.'

यात दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत. पहिली, 'उद्या सकाळी फोन करू' असं म्हटलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी संदेश ठेवणाऱ्यासाठी 'उद्या' म्हणजे शनिवार, आणि तेव्हा त्याचं ऑफिस बंद असण्याची शक्यता जास्त. म्हणून 'पुढचा कामाचा दिवस'. दुसरी गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. संदेश अस्खलित इटालियनमध्ये असला की समोरचा परतीच्या फोनवरही इटालियनचीच अपेक्षा करतो. उत्तर कोणत्या भाषेत मिळेल हे आधीच सांगितलं की पुढचा गोंधळ टळतो. ईमेलचं इटालियन मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावं लागेल.

दिवाळीला वेगळा संदेश लागतो. नुसतं 'दिवाळीनिमित्त बंद' म्हटलं तर ऑफिस कधी उघडणार, ते तिकडे कळणार नाही. समजा ७ ते ११ नोव्हेंबर सुट्टी आहे. तर पुन्हा उघडण्याची तारीख सांगावी: 'रियाप्रियामो इल दोदिची नोवेंब्रे', म्हणजे '१२ नोव्हेंबरला उघडतो'.

फोन उचलला तर काय बोलायचं?

इटलीत घरी किंवा मोबाइलवर फोन उचलताना 'प्रोंतो' म्हणतात. ऑफिसात कंपनीचं नाव आणि 'बुऑनजोर्नो' म्हणावं. नंतर लगेच: 'पार्लो सोलो उन पॉ दि इतालियानो. पुऑ रिपेतेरे लेंतामेंते, पेर फावोरे?' म्हणजे 'मला थोडंच इटालियन येतं. कृपया हळू पुन्हा सांगाल का?' नाव विचारायला: 'कोन की पार्लो, स्कूझी?' शेवटी: 'ला फाच्चो रिक्यामारे', 'आपल्याला परत फोन करायला सांगतो'.

इटालियनमध्येही आपल्यासारखा 'तू' आणि 'आपण' असा फरक आहे. 'पुऑ' हे आदरार्थी रूप, 'पुऑई' हे 'तू'चं. नव्या खरेदीदाराशी 'पुऑ'च. रेकॉर्ड केलेल्या संदेशात मात्र ऐकणारा कोण ते माहीत नसतं, म्हणून तिथे 'अवेते', 'लाश्याते' अशी अनेकवचनी रूपं आहेत. एकाच संदेशात दोन्हींची सरमिसळ करू नये.

उच्चारात मराठी माणसाला एक फायदा आहे. इटालियन 'झेड'चा आवाज बऱ्याच शब्दांत आपल्या 'चमचा'तल्या 'च'सारखा असतो. 'ग्रात्सिए'तला 'त्स' तोच. 'त' आणि 'द'ही आपल्यासारखे दंत्य. 'ट', 'ड' म्हणण्याची सवय तेवढी टाळायची.

चूक सर्वाधिक कुठे होते?

आकड्यांत. 'सेस्सांता' म्हणजे ६० आणि 'सेत्तांता' म्हणजे ७०. खराब लाइनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. १६० खोक्यांची ऑर्डर १७० म्हणून लिहिली गेली, तर दहा खोकी जास्त निघतील. उपाय एकच: आकडा सुटासुटा वाचून दाखवायचा, 'ऊनो, सेई, झेरो', आणि विचारायचं, 'ए जूस्तो?' (बरोबर?).

परतीच्या नंबरात आणखी एक सापळा आहे. भारतात +९१ लावलं की सुरुवातीचं शून्य गळतं. इटलीत लँडलाइनचं शून्य गळत नाही. मिलानचा नंबर 02 ने सुरू होतो आणि भारतातून तो +39 02 असाच फिरवायचा. शून्य काढलं तर फोन लागत नाही आणि आपल्याला वाटतं, नंबरच चुकीचा दिला. मोबाइल नंबर ३ ने सुरू होतो, त्याला शून्य नसतं.

ईमेलचा पत्ता सांगताना @ ला 'कियोच्चोला' म्हणजे 'गोगलगाय' म्हणतात, डॉटला 'पुंतो'. अक्षरं शहरांच्या नावांनी सांगतात: 'एम'साठी मिलानो, 'एन'साठी नापोली, 'आर'साठी रोमा. हा तक्ता फोनशेजारी ठेवावा.

मसुदा नीट झाला, हे कसं ओळखायचं?

लिहिलेला मजकूर इटालियन भाषकाला दाखवला, तर तो व्याकरण सुधारून देईल. पण खरी परीक्षा वेगळी. त्याला मजकूर न दाखवता फक्त रेकॉर्डिंग फोनवर ऐकवा आणि त्याने काय ऐकलं ते लिहायला सांगा. कंपनीचं नाव, मागितलेल्या तीन गोष्टी आणि उत्तर कधी मिळेल, हे पहिल्याच वेळी बरोबर लिहिलं, तर संदेश वापरायला हरकत नाही. कंपनीचं नाव चुकलं, तर ते अधिक सावकाश, दोनदा म्हणून पुन्हा रेकॉर्ड करा.