विश्लेषण : लिंगावरचे बारीक दाणे... आजार की शरीराची नैसर्गिक ठेवण?

विशी-बाविशीतले अनेक तरुण त्वचारोगतज्ज्ञांकडे एकच तक्रार घेऊन येतात, तीही बराच काळ मनात ठेवल्यानंतर. लिंगाच्या टोकाभोवती बारीक पांढरट दाणे दिसतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण जातही नाहीत. इंटरनेटवर शोधले की लैंगिक आजारांची भयंकर छायाचित्रे समोर येतात आणि घबराट वाढते. बहुतेक वेळा हे दाणे आजार नसतात. मात्र काही फोड आणि जखमांकडे दुर्लक्ष करणेही महागात पडते. हा फरक कसा ओळखायचा?

हे दाणे नेमके कसले?

लिंगाचा पुढचा गोलसर भाग म्हणजे शिश्नमुंड. त्याच्या मागच्या कडेवर एक ते दोन मिलिमीटरचे गुळगुळीत दाणे एका किंवा दोन-तीन रांगांत दिसतात. रंग त्वचेसारखा, पांढरट किंवा किंचित गुलाबी. डॉक्टर त्यांना ‘पर्ली पेनाइल पॅप्युल्स’, म्हणजे मोत्यासारखे दाणे म्हणतात. प्रत्येक दाण्यात बारीक रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊती असतात. त्यात पू नसतो, जंतू किंवा विषाणूही नसतो.

पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत ते ठळक होतात आणि वय वाढते तसे अनेकांत पुसट होतात. लैंगिक संबंध, हस्तमैथुन किंवा अस्वच्छता यांच्याशी त्यांचा संबंध नाही. जोडीदाराला ते लागत नाहीत. धुऊन, घासूनही जात नाहीत, कारण ती घाण नसून त्वचेचाच भाग आहे.

मग दांड्यावरचे पिवळसर ठिपके?

ते बहुधा ‘फोर्डाइस स्पॉट्स’ असतात. त्वचेला तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथी साधारणपणे केसाच्या मुळाशी असतात. काही ठिकाणी त्या केसाशिवायच असतात आणि पातळ त्वचेखालून पिवळसर ठिपक्यांसारख्या दिसतात. त्वचा ताणली की त्या अधिक स्पष्ट होतात. अनेकांच्या ओठांच्या कडेलाही असेच ठिपके असतात. त्यांचे वर्णन करणारे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये ओठांवरच्याच ठिपक्यांविषयी लिहिले होते. हे ठिपकेही निरुपद्रवी असतात आणि त्यांना उपचार लागत नाहीत.

चामखीळ कशी वेगळी दिसते?

सर्वाधिक गोंधळ होतो तो गुप्तांगावरच्या चामखिळीशी. ती एचपीव्ही या विषाणूमुळे होते आणि संबंधातून पसरते. फरक ओळखायला तीन गोष्टी पाहाव्यात : मांडणी, सारखेपणा आणि काळ.

मोत्यासारखे दाणे ओळीत असतात, साधारण एकाच आकाराचे असतात आणि महिनोन्महिने तसेच राहतात. चामखीळ कुठेही उगवते. एक मोठी, दुसरी लहान, पृष्ठभाग खरबरीत किंवा फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. काही आठवड्यांत ती वाढते किंवा तिची संख्या वाढते. संबंधानंतर ती दिसायला काही आठवड्यांपासून काही महिनेही लागू शकतात. त्यामुळे ‘आता इतके दिवस झाले, काही झाले नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. सुरुवातीची छोटी चामखीळ गुळगुळीतही दिसू शकते, म्हणून शंका असल्यास तपासणीच करावी.

घरगुती उपाय का अंगलट येतात?

समजा, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा २१ वर्षांचा तरुण आहे. कोणाशीही संबंध आलेला नाही. कडेवर दाणे दिसल्यावर तो पायाच्या चामखिळीवर लावायचे औषध मेडिकलमधून आणतो आणि चार दिवस लावतो. त्या औषधातले आम्ल जाड त्वचा जाळण्यासाठी असते. लिंगाची त्वचा अतिशय पातळ असते. ती सोलवटते, लाल होते, लघवी करताना आग होते. आता तिथे खरोखर जखम झालेली असते आणि ‘आजार वाढला’ असे त्याला वाटते. मग तो स्टेरॉइड असलेले मलम लावतो. तात्पुरते बरे वाटते, पण सतत वापराने त्वचा आणखी पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो बळावतो.

हाच तरुण आधी डॉक्टरांकडे गेला असता तर काय झाले असते? दाणे कधीपासून आहेत, वाढले का, संबंध आले का, एवढे प्रश्न. मग चांगल्या प्रकाशात पाहणी, गरज वाटल्यास डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणातून. त्यात प्रत्येक दाणा सुटा, गोलसर आणि आत बारीक रक्तवाहिन्या असलेला दिसतो. बहुतेक वेळा ना रक्ततपासणी लागते, ना औषध. केवळ दिसण्याचा फारच त्रास होत असेल तर लेसरने ते काढता येतात, पण वैद्यकीयदृष्ट्या त्याची गरज नसते.

कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

सर्वात फसवी असते न दुखणारी जखम. सिफिलिसची पहिली जखम बहुधा एकच, कडक कडेची आणि वेदनारहित असते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती दिसते, कधी १० दिवसांत तर कधी ९० दिवसांनी. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते. पण आजार गेलेला नसतो, तो रक्तातून शरीरात पसरत असतो. जखम नवी असताना रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. वेळेत निदान झाले तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने हा आजार बरा होतो.

पाण्याने भरलेल्या फोडांचा झुपका आणि सोबत आग किंवा वेदना असतील तर हर्पिसची शक्यता असते. रात्री वाढणारी खाज, लिंगावर गाठी आणि घरात किंवा रूमवर इतरांनाही खाज असेल तर खरूज असू शकते. पुढची त्वचा वारंवार लाल होऊन तिला चिरा पडत असतील तर रक्तातील साखर तपासावी. अनेकदा मधुमेहाचा पहिला सुगावा इथेच लागतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक होत जाणारी गाठ किंवा पांढरा चट्टा पडून मागे न सरकणारी त्वचा यांची तपासणी कोणत्याही वयात आवश्यक आहे. क्वचित त्यामागे कर्करोगही असतो.

तपासणी कुठे करावी?

भारतात त्वचारोगतज्ज्ञांच्या पदव्युत्तर शिक्षणातच गुप्तरोगांचा समावेश असतो. त्यामुळे एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरील जाहिरातीतला ‘गुप्तरोग स्पेशालिस्ट’ शोधण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे समुपदेशन, तपासणी आणि उपचार मोफत मिळतात, माहिती गोपनीय ठेवली जाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही माहिती मिळते.

जाण्यापूर्वी काही दिवस कोणतेही मलम लावू नये, कारण त्यामुळे मूळ लक्षणे झाकली जातात. जखम किंवा फोड असतील तर निदान होईपर्यंत संबंध टाळावेत. लैंगिक आजाराचे निदान झाल्यास जोडीदाराचीही तपासणी करावी लागते, अन्यथा बरा झालेला संसर्ग पुन्हा होऊ शकतो.