कापलेला कर लेजरमध्ये का दिसत नाही?

मार्केटप्लेसवर माल विकणाऱ्याच्या बँकेत विक्रीची पूर्ण रक्कम कधीच येत नाही. कमिशन आणि कुरिअरच्या खर्चाबरोबर जीएसटीचा टीसीएसही आधीच कापलेला असतो. 10 जुलै 2024 पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे, त्याआधी तो एक टक्का होता. हा पैसा विक्रेत्याचाच असतो आणि पुढच्या कर भरण्यात वापरता येतो. पण अनेक जण तो पोर्टलवर चुकीच्या जागी शोधतात आणि मिळाला नाही की बुडाला असे समजतात.

कमिशनवर लागलेला जीएसटी हे इनपुट क्रेडिट आहे. ते जीएसटीआर-2बी मध्ये दिसते आणि क्रेडिट लेजरला जाते. टीसीएसचा त्या लेजरशी संबंध नाही, तो कॅश लेजरला जमा होतो. शिवाय मार्केटप्लेस आयकरापोटीही 0.1 टक्का कापते. ती रक्कम आयकर खात्याच्या 26एएस मध्ये पाहायची असते, जीएसटी पोर्टलवर ती कधीच येणार नाही. मेळ घालायला बसताना आधी या तीन रकमा वेगळ्या काढा. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आता एक उदाहरण घेऊ. सोलापूरचा एक टॉवेल विक्रेता जुलै 2025 चा हिशेब लावतो आहे. त्याच्या ऑर्डर शीटवर जीएसटी वगळून 4,20,000 रुपयांची विक्री आहे: महाराष्ट्रात 1,60,000 आणि इतर राज्यांत 2,60,000. अर्ध्या टक्क्याने टीसीएस 2,100 रुपये व्हायला हवा. कॅश लेजर उघडले तर तिथे शून्य.

शून्य दिसण्याचे कारण साधे असते. मार्केटप्लेस दर महिन्याचा टीसीएस पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत जीएसटीआर-8 मध्ये भरते. तो विक्रेत्याच्या लेजरला आपोआप चढत नाही. पोर्टलवर 'TDS and TCS credit received' या फॉर्ममध्ये जाऊन महिना निवडायचा, आलेली नोंद स्वीकारायची आणि ओटीपी किंवा डिजिटल सही वापरून फॉर्म दाखल करायचा. नुसते 'Accept' केले आणि दाखल करायचे राहिले, तर पैसा तसाच अडकून राहतो. महिनोन्‌महिने हा फॉर्म न उघडणारे विक्रेते असतात आणि तेवढे दिवस ते खिशातून जास्त चलन भरत राहतात, याचे वाईट वाटते.

आपल्या विक्रेत्याने फॉर्म उघडला. नोंद होती 1,600 रुपयांची. उरलेले 500 कुठे गेले?

टीसीएस निव्वळ विक्रीवर कापला जातो, म्हणजे त्या महिन्यात परत आलेला माल वजा करून. माल विकला गेला जूनमध्ये आणि परत आला जुलैमध्ये, तरी तो जुलैच्या आकड्यातून वजा होतो. इथे 60,000 चा माल परत आला होता, 20,000 चा महाराष्ट्रातून आणि बाकीचा बाहेरून. त्याचे 300 रुपये. उरलेल्या 200 चा उलगडा तारखांत सापडला. महिनाअखेरीस बाहेरच्या राज्यांतून आलेल्या 40,000 च्या ऑर्डरी 1 ऑगस्टला निघाल्या आणि बिलेही त्याच दिवशी झाली. मार्केटप्लेसने त्या ऑगस्टच्या विवरणात घेतल्या, ते बरोबरच होते. चुकली होती विक्रेत्याची शीट, कारण ती ऑर्डरच्या तारखेने लावलेली होती. त्याच शीटवरून जीएसटीआर-1 भरले असते, तर तिथेही जुलैची विक्री फुगून मार्केटप्लेसच्या आकड्याशी फरक पडला असता.

आता रकाने तपासू. महाराष्ट्रातली निव्वळ विक्री 1,40,000, म्हणून सीजीएसटी 350 आणि एसजीएसटी 350. बाहेरची 1,80,000, म्हणून आयजीएसटी 900. बेरीज 1,600. नोंद निःशंक स्वीकारावी. फक्त महिना पुढे-मागे झाला म्हणून 'Reject' दाबू नये, अख्खी नोंद मार्केटप्लेसकडे परत जाते आणि पैसा लांबतो.

खरी चूक कधी असते? तुमचा माल दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून जातो आणि तिथला जीएसटी क्रमांक वेगळा आहे, तर आधी त्या क्रमांकाचा फॉर्म पाहा. टीसीएस ज्या नोंदणीवरून विक्री झाली तिच्याच लेजरला येतो. तिथेही नसेल, किंवा महाराष्ट्रातली विक्री आयजीएसटीत दाखवलेली असेल, तर बिलांची यादी आणि रकमेचा फरक लिहून मार्केटप्लेसच्या सेलर सपोर्टकडे तक्रार नोंदवावी. दुरुस्ती त्यांनाच जीएसटीआर-8 मध्ये करावी लागते, विक्रेत्याला ती करता येत नाही. दुरुस्त नोंद मग पुन्हा तुमच्या फॉर्ममध्ये येते. याला मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरनंतर दुरुस्ती होत नाही. म्हणून वर्षअखेरीची वाट न पाहता दर महिन्याच्या 10 तारखेनंतर हा मेळ घालावा.

लेजरला आलेला पैसा 3बी भरताना वापरता येतो. आयजीएसटीत 900 पडून आहेत आणि भरायचा आहे सीजीएसटी, तर पीएमटी-09 ने रक्कम एका रकान्यातून दुसऱ्यात हलवता येते. कर भागूनही दर महिन्याला शिल्लक साचत असेल, तर आरएफडी-01 अर्ज करून कॅश लेजरमधली जास्तीची रक्कम परत मागता येते.