‘डेटा जरा क्लीन करून दे’

वाचनालयाच्या वार्षिक सभेआधी सचिव सभासदांची एक्सेल फाइल ऑफिसातल्या तरुण मदतनिसाला पाठवतात. सोबत एकच ओळ असते: ‘यादी जरा क्लीन करून दे.’ यादीत एक मोबाइल नंबर दोनदा आलेला दिसतो. मदतनीस `Remove Duplicates` दाबून फक्त नंबरच्या रकान्यावर खूण ठेवतो. पहिली ओळ राहते, दुसरी जाते. गेलेली ओळ पत्नीची असते, कारण पती-पत्नींनी एकच नंबर दिलेला असतो. यादी घरोघरी निरोप धाडण्यासाठी असती, तर हे बरोबरच होतं. पण ती मतदारयादी असेल, तर एका सभासदाचं मत गेलं.

म्हणून काम हातात घेताना ‘यादी कशासाठी हवी?’ हे आधी विचारावं लागतं. दुहेरी नोंद कशाला म्हणायचं, ते या उत्तरावर ठरतं.

दुहेरी नोंदी शोधण्याआधी तारखा आणि स्पेलिंग सरळ करावं लागतं. एकच माणूस दोन तऱ्हांनी लिहिला असेल, तर संगणक त्याला दोन माणसं समजतो. मराठीत तर डोळ्यांनाही फसायला होतं. ‘ॲड. जोशी’ यातला ‘ॲ’ काही कीबोर्ड एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप करतात, काही ‘अ’वर वेगळी खूण जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तरी शोधताना जुळत नाहीत.

तारखांचा घोळ याहून लबाड आहे. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल, तर ०३/०४/२०२३ म्हणजे ३ एप्रिल असं लिहिलेलं एक्सेल ४ मार्च म्हणून वाचतं, तेही न सांगता. २५/०४/२०२३ मात्र त्याला तारीख वाटत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ते मजकूर म्हणून तसंच राहतं. रकान्याची मांडणी बदललेली नसेल, तर हे ओळखता येतं: मजकूर डावीकडे चिकटतो, तारीख उजवीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या, तर उजवीकडच्या तारखांवरच आधी संशय घ्यावा. बिघडलेल्या त्याच असतात.

रिकाम्या जागा भरण्याचा मोह सर्वांत घातक. चार सभासदांपैकी तिघांची वर्गणी ५०० रुपये आणि एकाची जागा कोरी आहे असं धरू. कोरी ठेवली, तर एक्सेलची सरासरी ५०० येते. तिथे ० लिहिलं, की ३७५. शून्याचा अर्थ ‘वर्गणी भरली नाही’ असा होतो, कोऱ्या जागेचा ‘नोंद नाही’ असा. पावतीपुस्तक न पाहता कोणीही हा निर्णय घेऊ नये.

सचिवांनी दोन ओळी जास्त लिहाव्यात: यादी कशासाठी हवी, आणि शंका आली तर कोणाला विचारायचं. मदतनिसाने मूळ फाइल जशीच्या तशी जपून प्रतीवरच काम करावं आणि काढलेल्या ओळी वेगळ्या शीटवर ठेवाव्यात.