समोरचा खेळाडू किती शिळा?

१९९६ च्या जूनमध्ये ‘क्वेक’ हा गेम आला, तेव्हा त्याची नेटवर्कवरची रचना अगदी सरळ होती. तुम्ही बटण दाबायचं, ते बटण सर्व्हरकडे जायचं, सर्व्हर ‘हा माणूस एक पाऊल पुढे सरकला’ असं ठरवायचा आणि तसं कळवायचा, मग तुमच्या पडद्यावर पाऊल पडायचं. एकाच खोलीतल्या संगणकांवर हे झकास चालत असे. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम लावून खेळणाऱ्यांना मात्र बटण दाबल्यावर पाव सेकंद, कधी त्याहून जास्त वाट पाहावी लागे. चिखलात रुतलेल्या माणसासारखं चालणं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन कार्मॅक यांनी ‘क्वेकवर्ल्ड’ नावाची सुधारित आवृत्ती काढली आणि तिच्यात एक साधी पण धाडसी गोष्ट केली: सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहायचीच नाही.

वाट कमी करणं कोणाच्या हातात नव्हतं, आजही फारसं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळजवळ ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद नुसते प्रकाशाला लागतात. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर असतात, घरातलं वायफाय असतं. पुण्यातून सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा पिंग, म्हणजे जाण्यायेण्याचा एकूण वेळ, आपण ८० मिलिसेकंद धरू. पुढचा सगळा हिशोब व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘सोर्स’ इंजिनाच्या मूळ सेटिंगवर करतो. २००४ च्या ‘काउंटर-स्ट्राइक: सोर्स’मागे हेच इंजिन आहे, आणि याच कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ साली या युक्त्यांवर लिहिलेला निबंध आजही नवे प्रोग्रामर वाचतात.

आधी स्वतःचं पात्र. चालण्याचे नियम (वेग किती, भिंतीला अडायचं कसं, उडी किती उंच) सर्व्हरकडे असतात, तसेच ते तुमच्या संगणकातही ठेवलेले असतात. तुम्ही बटण दाबलंत की तुमचा संगणक ते नियम लावून पात्र लगेच हलवतो आणि त्याच वेळी हुकूम क्रमांक टाकून सर्व्हरकडे धाडतो. हुकूम दर १५ मिलिसेकंदांना एक निघतो. पिंग ८० असेल तर कुठल्याही क्षणी पाच-सहा हुकूम उत्तराविना वाटेत असतात. सर्व्हरचं उत्तर येतं: ‘५७ व्या हुकमापर्यंत हिशोब झाला, तू इथे आहेस.’ ते आपल्या ५७ व्या अंदाजाशी जुळलं तर प्रश्न मिटला. जुळलं नाही, समजा मध्येच दुसरा खेळाडू आडवा आला होता, तर पात्र सर्व्हरने सांगितलेल्या जागी ठेवायचं आणि ५८ पासूनचे सगळे हुकूम त्या जागेवरून पुन्हा चालवायचे. हे एका फ्रेमच्या आत उरकतं. चूक लहान असेल तर दृश्य एकदम हिसका न देता साधारण दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात नव्या जागी सरकवलं जातं.

या पुन्हा चालवण्यात नवशिके हमखास अडकतात. ५९ व्या हुकमात पाऊल पडून ‘टप्’ असा आवाज होणार असेल, तर हिशोब पाच वेळा पुन्हा झाला की आवाजही पाच वेळा होतो. बंदुकीच्या नळीतला जाळ पाच वेळा उठतो. म्हणून जागेचा हिशोब कितीही वेळा होऊ दे, आवाज आणि अॅनिमेशन सुरू करण्याचा हुकूम मात्र पहिल्याच खेपेला पाळायचा, अशी खूणगाठ कोडमध्ये बांधावी लागते. खेळताना पावलांचा आवाज मशिनगनसारखा तडतडला तर समजावं की ती गाठ राहून गेली आहे.

आता समोरचा खेळाडू. त्याच्या बोटांखाली काय चाललंय ते तुमच्या संगणकाला ठाऊक नाही, त्यामुळे इथे अंदाज बांधणं बेभरवशाचं. धावणारा माणूस क्षणात उलटा फिरू शकतो. त्यामुळे इथे नेमकी उलटी वाट धरली जाते, त्याला मुद्दाम उशिरा दाखवायचं.

सर्व्हर सेकंदाला २० वेळा सगळ्यांच्या जागा कळवतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांना एक पॅकेट. पडदा मात्र सेकंदाला ६० चित्रं काढतो. आलेलं पॅकेट तसंच दाखवलं तर समोरचा माणूस ठेचकाळत चालेल. म्हणून ‘सोर्स’ त्याला १०० मिलिसेकंद मागे ठेवतं. सेटिंगमध्ये ते `cl_interp 0.1` असं दिसतं. समजा सर्व्हरच्या घड्याळात १०.०० सेकंदाला तो शून्यावर होता आणि १०.०५ ला २५ सेंटीमीटरवर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर वेगाने धावतोय. तुमच्या संगणकाचं घड्याळ १०.१२ दाखवत असेल तर तो १०.०२ चं चित्र काढतो. १०.०० आणि १०.०५ ही दोन्ही पॅकेटं त्याच्या हातात आहेत, आणि १०.०२ हा क्षण त्यांच्यामधल्या वाटेवर ४० टक्क्यांवर येतो. माणूस १० सेंटीमीटरवर. इथे अंदाज नाही, दोन माहीत असलेल्या टोकांमधला भागाकार आहे.

शंभरच मिलिसेकंद का? कारण त्यात दोन पॅकेटांचं अंतर बसतं. १०.०५ चं पॅकेट वाटेत हरवलं तरी १०.०० आणि १०.१० यांच्यामध्ये रेघ ओढता येते. सरळ धावणाऱ्याच्या बाबतीत फरकच पडत नाही. तो मध्ये वळला असेल तर कोपरा कापून गेल्यासारखा दिसेल, इतकंच. लागोपाठ दोन-तीन पॅकेटं गेली की मात्र रेघेचं दुसरं टोक हाती नसतं. मग नाइलाजाने शेवटच्या वेगाने त्याला पुढे ढकलत राहायचं, तेही जास्तीत जास्त पाव सेकंद. त्यापुढे त्याला उभं करतात, नाहीतर तो भिंतीतून आरपार निघून जाईल.

सरासरी काढणं सोपं वाटतं, पण दिशेच्या बाबतीत ते फसवतं. ३५० अंशांवरून १० अंशांवर वळणं म्हणजे वीस अंशांची हालचाल. नुसत्या आकड्यांची सरासरी काढली तर १८० येतात, आणि माणूस एका क्षणासाठी पाठ फिरवून गर्रकन परत येतो. चालण्याच्या चक्रातही हेच होतं. डावं पाऊल ते पुन्हा डावं पाऊल या चक्राला शून्य ते एक असे आकडे दिले, तर ०.९५ नंतर ०.०५ येतं, भाबडी सरासरी ०.५ देते आणि पाय एकदम उलटे पडतात. आणखी एक गंमत मेलेल्या खेळाडूची. तो नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा जिवंत होतो, आणि संगणक इमानेइतबारे दोन जागांमध्ये रेघ ओढून त्याला भिंतींमधून उडवत नेतो. अशा वेळी ‘इथे मधला मार्ग काढू नकोस’ अशी वेगळी खूण पाठवावी लागते.

आतापर्यंत आपण शरीराच्या जागेबद्दल बोललो. हातापायांचं काय? सांगाड्यात साठ हाडं धरली आणि प्रत्येकाच्या वळणासाठी चार आकडे पाठवले, तर एका पात्राचं एक चित्र जवळपास हजार बाइटांचं होतं. ते सेकंदाला वीसदा, तेही इतर नऊ खेळाडूंसाठी. हे कोणी करत नाही. सर्व्हर जागा, वेग, तोंड कुठे, बसलाय की हवेत, एवढंच कळवतो. पाय कसे टाकायचे ते तुमचा संगणक त्यावरून ठरवतो.

आणि इथेच ते घसरतात. कळवलेला वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणून पाय पाच मीटरच्या तालात पडताहेत; पण पडद्यावर ते शरीर चुकीच्या जागेवरून बरोबर जागी सरकवलं जात असल्याने प्रत्यक्षात सात मीटरने जातंय. बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं. उपाय म्हणजे पायांचा ताल कळवलेल्या वेगावर न बांधता, पडद्यावर शरीर प्रत्यक्ष किती हललं यावर बांधायचा. माझ्या मते हा उपाय अर्धाच आहे. सरकवणं फार झटकन झालं की मग पाय विनोदी वेगाने लटपटू लागतात, आणि त्यापेक्षा थोडी घसरण परवडली. म्हणून तालाला वरची मर्यादा घालतात.

एकदाच घडणाऱ्या क्रियांची भानगड वेगळी. गोळ्या भरणं, बॉम्ब फेकणं याची खबर वेगळा संदेश म्हणून येते. आल्या आल्या अॅनिमेशन सुरू केलं तर धावणारं शरीर १०० मिलिसेकंद मागे असताना हात मात्र ताजे असतात. मॅच बघताना आपल्या मोबाइलवर बॉलर अजून धावतोय आणि शेजारच्या टीव्हीसमोर ‘आउट!’चा गलका उठावा, तसं. म्हणून अशी खबर सर्व्हरच्या वेळेचा शिक्का लावून रांगेत ठेवायची आणि शरीराचं घड्याळ त्या वेळेवर पोचलं की मगच वापरायची. खबर उशिरा आली तर अॅनिमेशन सुरुवातीपासून न दाखवता तेवढं पुढचं दाखवायचं, नाहीतर त्याचा हात बॉम्ब सुटून गेल्यावर मागे जाईल.

म्हणजे एकाच पडद्यावर तुम्ही स्वतः सर्व्हरच्या ४० मिलिसेकंद पुढे आहात आणि समोरचा १४० मिलिसेकंद मागे, कारण ४० प्रवासाचे आणि १०० मुद्दाम ठेवलेले. अशात नेम धरून गोळी झाडली तर सर्व्हरने ती कोणाला लागली म्हणायचं? ‘सोर्स’ झाडणाऱ्याच्या बाजूने कौल देतं. सर्व्हर प्रत्येकाच्या गेल्या एका सेकंदाच्या नोंदी ठेवतो. गोळीचा हुकूम पोचला की सगळ्यांना तुम्हाला दिसत होते त्या क्षणी मागे नेतो, गोळी तपासतो आणि पुन्हा जागेवर आणतो.

हा न्याय दुसऱ्या बाजूने पाहू. झाडणारा आणि बळी दोघांचाही पिंग ८०. झाडतानाच्या क्षणाला शून्य म्हणू. त्याच्या पडद्यावर बळी उणे १४० च्या क्षणाचा आहे. गोळी सर्व्हरवर ४० ला पोचते, मेल्याची खबर बळीकडे ८० ला. तोवर बळीच्या पडद्यावर तो स्वतः सर्व्हरच्या १२० च्या स्थितीत असतो. फरक २६० मिलिसेकंदांचा. सेकंदाला पाच मीटरने धावणारा तेवढ्या वेळात सव्वा मीटरहून जास्त जातो, म्हणजे चांगला भिंतीआड पोचलेला असतो. ‘मी लपलो होतो!’ हे त्याचं म्हणणं खरं आहे, आणि झाडणाऱ्याचं ‘तो समोर होता’ हेही.

नुसती जागा मागे नेऊन भागत नाही. गोळी लागली का हे हाडांना बांधलेल्या अदृश्य ठोकळ्यांवरून ठरतं, त्यामुळे कुठलं अॅनिमेशन चालू होतं आणि चक्र कुठवर आलं होतं, याचीही नोंद मागे न्यावी लागते. तुमच्या संगणकाने पाय स्वतःच्या हिशोबाने टाकले आणि सर्व्हरने स्वतःच्या, आणि दोन्हींत फरक पडला, तर पडद्यावर डोक्यात बसलेली गोळी सर्व्हरच्या मते कानाजवळून जाते. ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये अशा तक्रारी बराच काळ होत्या, सप्टेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने खेळाडूंचा सांगाडा, सगळी अॅनिमेशन आणि ते ठोकळे बदलले. स्वतः तपासायचं असेल तर सरावाच्या सर्व्हरवर `sv_cheats 1` आणि मग `sv_showimpacts 1` लिहून धावत्या खेळाडूवर गोळ्या झाडाव्यात. लाल चौकोन तुमच्या संगणकाला गोळी जिथे लागली असं वाटलं ते दाखवतो, निळा सर्व्हरच्या मते लागली ती जागा. दोन्ही एकावर एक बसले तर चुकला तो तुमचा नेम.